भुशाच्या बॉयलरवर धुरातला ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड कसा वाचायचा, आणि आकडा कुठे फसवतो

भंडारा-गोंदियाकडच्या उसना तांदळाच्या मिलमध्ये बहुतेक ठिकाणी धानाच्या भुशावर चालणारा लहान बॉयलर असतो. हल्ली अनेकांकडे धूर मोजायचं हातातलं मीटर आलंय, पण त्यावरून भट्टी सुधारण्याऐवजी बिघडवल्याची उदाहरणं मला दर हंगामात दिसतात. मीटर क्वचितच खोटं बोलतं. चुकतं ते मोजणीचं भोक, चुकतो तो मेनूमधला इंधनाचा प्रकार, आणि चुकतो तो क्रम.

सगळी उदाहरणं भुशाच्या बॉयलरची आहेत. पऱ्हाटीच्या ब्रिकेट हाताने टाकणाऱ्यांसाठी जिथे रीत बदलते, तिथे तसं लिहिलंय.

## आधी एवढं डोक्यात ठेवा

बाहेरच्या हवेत ऑक्सिजन 20.9 टक्के. भुसा जळताना हा ऑक्सिजन खर्च होतो आणि त्याच्या जागी जवळपास तेवढाच कार्बन डायऑक्साइड तयार होतो. धुरात ऑक्सिजन जास्त उरला म्हणजे गरजेपेक्षा जास्त हवा भट्टीतून गेली. ती फुकटची हवा तापते आणि आपली उष्णता चिमणीतून घेऊन जाते. ऑक्सिजन फारच कमी उरला तर काही भुसा अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो.

जादा हवा काढायचं सूत्र सोपं आहे:

```
जादा हवा (%) = O2 ÷ (20.9 − O2) × 100
```

ऑक्सिजन 7.5 असेल तर जादा हवा 56 टक्के. 10 असेल तर 92 टक्के. आकडा अडीचनेच वाढला, पण हवा केवढी वाढली बघा. ऑक्सिजन जितका वर, तितकं एकेका टक्क्याचं वजन वाढत जातं.

भुशासाठी एक ताळा पाठ करून ठेवा: ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड यांची बेरीज 20 ते 21 च्या आत यायला हवी. लाकूड आणि पऱ्हाटीलाही हाच ताळा चालतो. डिझेलला चालत नाही, कारण डिझेलमधल्या हायड्रोजनचं पाणी होतं, तिथेही ऑक्सिजन खर्च होतो, आणि मीटर ते पाणी गाळून कोरडा धूर मोजतं.

## टप्पा 1: मीटर तयार करा, भट्टीपासून लांब

मीटर नेहमी मोकळ्या हवेत सुरू करा. सुरू होताना ते आजूबाजूची हवा ओढून तीच 20.9 धरतं आणि कार्बन मोनॉक्साइडचा शून्यही तिथेच बांधतं. बॉयलर हाउसमध्ये उभं राहून सुरू केलं तर धुरकट हवेलाच ते शुद्ध समजतं आणि पुढचे सगळे आकडे त्या चुकीवर उभे राहतात. अंगणात जा, धान वाळत घातलंय तिकडे, वाऱ्याच्या बाजूला.

मग तीन गोष्टी तपासा.

पहिली, नळीतली गळती. धुरात घालायच्या नळीचं, म्हणजे प्रोबचं, टोक बोटाने बंद करा. पंपाचा आवाज लगेच जड व्हायला हवा किंवा पडद्यावर प्रवाह कमी असल्याची सूचना यायला हवी. आवाज तसाच राहिला तर नळी, सांधा किंवा मीटरची पाणी साठवायची बाटली कुठेतरी हवा खातेय. ही गळती नेहमी ऑक्सिजन वाढवूनच दाखवते.

दुसरी, ऑक्सिजन मोजणारा सेल जिवंत आहे का. मोकळ्या हवेत 20.9 दिसणं हा पुरावा नाही, कारण तो आकडा मीटरने स्वतःच धरलेला असतो. प्रोबच्या टोकावर मूठ धरून श्वास हळूहळू सोडत राहा. आपल्या उच्छ्वासात ऑक्सिजन 16-17 च्या आसपास असतो. आकडा तिकडे सरकला नाही, किंवा फार रखडत सरकला, तर सेल संपत आलाय.

तिसरी, गाळणी. भुशाची राख पिठासारखी बारीक असते आणि गाळणी पाहता पाहता काळी करते. नवी गाळणी खिशात ठेवूनच निघा.

## टप्पा 2: मेनूत इंधन बरोबर निवडा

सगळ्यात जास्त लोक इथेच चुकतात.

हातातल्या बहुतेक मीटरमध्ये कार्बन डायऑक्साइडचा सेन्सरच नसतो. ते ऑक्सिजन मोजतं आणि मेनूत निवडलेल्या इंधनाच्या हिशोबाने CO2 चा आकडा काढून दाखवतं:

```
CO2 = CO2max × (20.9 − O2) ÷ 20.9
```

CO2max म्हणजे जादा हवा अजिबात नसताना येणारा CO2. भुशाचा CO2max साधारण 20 आहे, डिझेलचा 15.4. धुरात ऑक्सिजन 8 असताना भुशाचा खरा कार्बन डायऑक्साइड 12.3 च्या आसपास असतो. मेनूत डिझेल राहिलं असेल तर त्याच धुराला मीटर 9.5 दाखवेल. बेरीज 17.5 येते, ताळा मोडतो, आणि आपण ‘ज्वलन खराब आहे’ म्हणून भट्टीशी खेळत बसतो. भट्टीचा काहीच दोष नसतो.

मेनूत भुसा नसेल तर लाकूड निवडा.

तपासणी: प्रोब धुरात असताना मेनूतलं इंधन बदलून पाहा. O2 तोच राहिला आणि CO2 बदलला, तर तुमच्या मीटरचा CO2 हिशोबाने काढलेला आहे. अशा मीटरवर बेरजेचा ताळा फक्त इंधनाची निवड बरोबर आहे का एवढंच सांगतो. ज्वलनाबद्दल तो काहीही सांगत नाही, कारण एका आकड्याचा दुसरा आकडा हा नुसता आरसा आहे.

CO2 चा स्वतंत्र साक्षीदार हवा असेल तर तो वेगळ्या साधनाने मोजावा लागतो. लाल द्रव भरलेलं, उलटं-सुलटं करायचं फायराइट किट जुन्या ऑपरेटरांनी वापरलेलं असतं. त्यातलं पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं आणि द्रवाची पातळी जितकी चढते तितके टक्के. नमुना घेण्याआधी पट्टीचा शून्य द्रवाच्या पातळीला लावायला विसरू नका. किटचा CO2 आणि मीटरचा O2 यांची बेरीज 20-21 मध्ये आली, तर दोन्ही साधनांवर विश्वास ठेवायला हरकत नाही. बेरीज 21 च्या वर जाणं भुशात शक्यच नाही. तसं झालं तर साधन बिघडलंय. बेरीज 19 च्या खाली आली तर आधी किटचं द्रावण थकलंय का ते बघा, मग अर्धवट ज्वलनाचा संशय घ्या.

## टप्पा 3: भोक कुठे पाडायचं

चिमणीवर प्रदूषण तपासणीसाठी ठेवलेलं भोक आयतं मिळतं, शिडीही तिथेच असते, म्हणून सगळे तिथेच प्रोब घालतात. ज्वलन समजून घ्यायला ती जागा चुकीची आहे.

धुराचा रस्ता आठवा: भट्टी, बॉयलरच्या नळ्या, मग राख वेगळी करणारा सायक्लोन, मग धूर ओढणारा आयडी फॅन, मग चिमणी. आयडी फॅनच्या आधीचं सगळं फॅनच्या ओढीखाली असतं. सायक्लोनच्या तळाची झडप नीट बसत नसेल, राखेचं दार वाकलं असेल, डक्टचा सांधा उघडा असेल, तर त्या फटीतून धूर बाहेर येत नाही, बाहेरची हवा आत जाते. म्हणूनच ती गळती डोळ्याला दिसत नाही. चिमणीतला ऑक्सिजन हा भट्टीत उरलेला ऑक्सिजन अधिक वाटेत घुसलेली हवा असा मिळून असतो.

भोक बॉयलर संपतो तिथे, सायक्लोनच्या आधी, डक्टच्या सरळ तुकड्यात हवं. वळणाला लागून नको. अर्ध्या इंचाचा सॉकेट वेल्ड करून घ्या आणि त्याला प्लग लावा. हे काम बॉयलर बंद आणि थंड असताना, मिलच्या नेहमीच्या वेल्डरकडून होतं. भोक डक्टवर आहे, दाबाच्या भांड्यावर नाही, याची स्वतः खात्री करा. बॉयलरच्या शेलला कोणीही हात लावायचा नाही.

प्रोब घातल्यावर त्याच्याभोवतीची फट बंद करा. ही फटसुद्धा हवा ओढते, आणि नेमकी प्रोबच्या तोंडाशी. ग्लास वूल नसेल तर पोत्याचा ओला तुकडा घट्ट गुंडाळा, मोजणी होईपर्यंत टिकतो.

टोक डक्टच्या मधल्या तिसऱ्या भागात ठेवा. मग एकदा थोडं मागे आणि एकदा थोडं पुढे सरकवून बघा. तिन्ही जागी ऑक्सिजनमध्ये अर्ध्या टक्क्याच्या आत फरक असेल तर मधला आकडा घ्या. भिंतीजवळ एकदम वाढत असेल तर जवळच कुठेतरी गळती आहे.

सावधान: भोक उघडताना चेहरा समोर आणू नका. हातमोजे घाला. भट्टीत धक्का बसला तर गरम राख बाहेर फेकली जाते. बॉयलर हाउसची दारं-खिडक्या उघड्या ठेवा, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

## टप्पा 4: केव्हा आणि किती वेळ मोजायचं

वाफेचा दाब स्थिर असावा, भुशाचा स्क्रू एका गतीने चालू असावा, आणि राखेचं दार किमान पंधरा मिनिटं उघडलेलं नसावं. उसना टाकीला नुकतीच वाफ सोडली असेल तर थांबा, लोड बदलतोय.

दर मिनिटाला एक अशी दहा मिनिटं नोंद करा आणि सरासरी घ्या. पडद्यावर क्षणभर दिसलेला सगळ्यात चांगला आकडा लिहून ठेवणं म्हणजे स्वतःलाच फसवणं.

ब्रिकेट हाताने टाकत असाल तर एका घातीपासून, म्हणजे एकदा ब्रिकेट टाकल्यापासून, पुढच्या घातीपर्यंत मोजत राहा. ब्रिकेट टाकल्या टाकल्या ऑक्सिजन तीन-चारपर्यंत पडतो आणि धूर काळा होतो. पुढची घात टाकण्याआधी तो चौदा-पंधरापर्यंत चढलेला असतो. यातला कुठलाही एक आकडा तुमच्या भट्टीचा नाही. तिथली पहिली सुधारणा हवेच्या झडपेची, म्हणजे डॅम्परची, नसते. घात लहान करा आणि लवकर लवकर टाका, आकड्यांची उडी तिथेच निम्मी होते.

धुराचं तापमान त्याच भोकात, त्याच वेळी घ्या. बाहेरची हवा घुसली की ऑक्सिजन वाढतो आणि तापमान उतरतं, दोन्ही सोबतच. ऑक्सिजन चिमणीत आणि तापमान बॉयलरजवळ घेतलं तर उष्णतेचा तोटा आहे त्याहून बराच मोठा दिसतो.

## एक प्रसंग, आकड्यांसकट

साकोलीकडच्या एका मिलमध्ये मला बोलावणं आलं ते भट्टी ‘बसली’ म्हणून. मालकांनी चिमणीच्या भोकात मोजलं होतं, ऑक्सिजन 12.1. हवा फार आहे असं समजून त्यांनी भट्टीत हवा ढकलणाऱ्या एफडी फॅनचा डॅम्पर आवळत आवळत चिमणीचा आकडा 9.5 वर आणला. मीटरवर छान दिसत होतं. पण वाफेचा दाब चढेना, धूर काळा झाला, आणि राखेत काळं कोळसट पडायला लागलं.

ऑपरेटर म्हणाला, “भाऊ, मीटर तर बरोबर सांगून राह्यलं, मंग भट्टी काहून बसली?”

आम्ही डॅम्पर आधीच्या खुणेवर परत नेला आणि सायक्लोनच्या आधी नवं भोक करून घेतलं. तिथे ऑक्सिजन निघाला 7.6. त्याच वेळी चिमणीत 12.1. वाटेतली गळती अशी काढतात:

```
गळती (%) = (O2 चिमणी − O2 बॉयलर) ÷ (20.9 − O2 चिमणी) × 100
         = (12.1 − 7.6) ÷ (20.9 − 12.1) × 100 = 51
```

बॉयलरमधून निघालेल्या दर शंभर भाग धुरात वाटेत एक्कावन्न भाग बाहेरची हवा मिसळत होती. आता मालकांच्या 9.5 चा अर्थ काढा. गळती तेवढीच धरली तर चिमणीत 9.5 असताना बॉयलरजवळ ऑक्सिजन जेमतेम 3.7 उरतो. भुशाच्या अशा साध्या भट्टीला एवढ्यात नीट जळता येत नाही. भट्टी आधी ठीक चालली होती, ती उपाशी ठेवली गेली.

गळती सापडली सायक्लोनच्या तळाशी. राख काढायची झडप अडकायची म्हणून कोणीतरी ती अर्धी उघडी ठेवून खाली पोतं बांधलं होतं, आणि पोतं एका बाजूने जळालं होतं. जळती उदबत्ती जवळ धरली तर तिचा धूर सरळ आत ओढला जात होता. उदबत्तीची ही रीत कुठलीही फट शोधायला वापरा, हात भाजत नाही आणि पैसे लागत नाहीत.

झडप बसवली, राखेच्या दाराला नवा दोर लावला. चिमणीत 9.9 आणि बॉयलरजवळ 9.0 झालं. म्हणजे गळती आठ टक्क्यांवर आली. पण बॉयलरजवळचा ऑक्सिजन वाढला! मालक घाबरले. कारण सरळ होतं: आयडी फॅनला आता फटीतून हवा मिळत नव्हती, म्हणून त्याची सगळी ओढ भट्टीवर आली आणि भट्टीच्या दारांतून जास्त हवा खेचली गेली. इथून पुढे खरी जुळवणी सुरू होते.

## टप्पा 5: हवा जुळवायचा क्रम

1. आधी फटी बंद करा. गळती असताना केलेली जुळवणी फटी बुजवल्या की पुन्हा करावी लागते.

2. मग आयडी डॅम्परने भट्टीची ओढ बसवा. भट्टीत पाण्याच्या स्तंभाचे दोन ते पाच मिलिमीटर एवढी हलकी ओढ पुरते. गेज नसेल तर बघायच्या भोकाशी उदबत्ती धरा, धूर आत जायला हवा पण झपकन ओढला जायला नको. डॅम्पर थोडा थोडाच बंद करा. एकदम आवळला तर ज्वाळा दारातून बाहेर येते.

3. मग एफडी हवा थोडी कमी करा. एका वेळी डॅम्परची एकच खूण. नंतर दहा मिनिटं थांबा. भट्टीतला भुशाचा थर आणि विटा थंड-गरम व्हायला वेळ घेतात, आणि लगेच आलेला आकडा पुढे टिकत नाही.

4. प्रत्येक पायरीला कार्बन मोनॉक्साइड बघा. ऑक्सिजन उतरत असताना तो बराच वेळ जागचा हलत नाही, आणि एका ठिकाणी एकदम चढायला लागतो. तो कोपरा सापडला की तिथून अर्धा ते एक टक्का ऑक्सिजन वर या. तोच तुमच्या भट्टीचा आकडा.

5. वरची हवा शेवटी. जाळीखालची हवा बसल्यावर ज्वाळेवरची दुय्यम हवा थोडी कमी-जास्त करून बघा. ऑक्सिजन तोच आणि कार्बन मोनॉक्साइड कमी झाला, तर ती दिशा बरोबर.

सावधान: कार्बन मोनॉक्साइड मीटरच्या मर्यादेपलीकडे पळायला लागला तर प्रोब लगेच बाहेर काढा आणि मोकळ्या हवेत पंप चालू ठेवा. जास्त वेळ ठेवलं तर सेल कायमचा खराब होतो.

साकोलीच्या त्या भट्टीत कोपरा 6.3 च्या आसपास लागला. नियमाने 7 वर थांबायला हवं होतं, पण आम्ही 7.5 वर थांबलो. कारण पुढच्या टप्प्यात आहे.

भुशाच्या चांगल्या भट्टीत बॉयलरजवळ 6 ते 9 टक्के ऑक्सिजन मला पटतो. हाताने ब्रिकेट टाकत असाल तर सरासरी 8 ते 11 वर समाधान माना. शेजारच्या मिलचा आकडा मात्र आपल्या भट्टीवर लादू नका, जाळी आणि विटांचं काम वेगळं असतं.

## टप्पा 6: राख बघा, कारण मीटरला ती दिसत नाही

मीटर फक्त धूर मोजतं. राखेसोबत न जळता बाहेर पडलेला कोळसा त्याला कळत नाही. उलट, जो कार्बन जळलाच नाही त्याने ऑक्सिजनही मागितला नाही, म्हणून धुराचे आकडे अगदी सभ्य दिसू शकतात.

जुळवणीच्या आधीची आणि नंतरची मूठभर राख थंड करून पांढऱ्या कागदावर शेजारी शेजारी ठेवा. बोटाने चोळा. नीट जळालेल्या भुशाची राख करडी-पांढरी असते, चोळली की भुकटी होते. काळी राख बोट काळं करते आणि तिच्यात भुशाचे अख्खे आकार दिसतात. आमच्या त्या मिलमध्ये ऑक्सिजन 7 वर नेल्यावर धूर स्वच्छच होता, कार्बन मोनॉक्साइडही शांत होता, पण राख स्पष्ट काळी पडली. 7.5 वर ती पुन्हा करडी झाली.

## फायदा किती, खरा हिशोब

हवा जुळवून बॉयलरजवळचा ऑक्सिजन 10 वरून 7.5 वर आणला, धुराचं तापमान बाहेरच्या हवेपेक्षा 180 अंशांनी जास्त असलं, तर कोरड्या धुरातून जाणारा तोटा साधारण 9.8 टक्क्यांवरून 8 टक्क्यांवर येतो. बॉयलरची कार्यक्षमता सत्तरच्या घरात धरली तर शंभर पोत्यांमागे दोन-अडीच पोती भुसा वाचतो. यापेक्षा मोठं आश्वासन कोणी देत असेल तर त्याने ऑक्सिजन कुठल्या भोकात मोजला ते विचारा.

सायक्लोनच्या फटीने भुशाचा थेट तोटा फारसा होत नाही, कारण ती हवा बॉयलरच्या पुढे मिसळते. तिथे वाया जाते ती आयडी फॅनची वीज, आणि वाया जाते तुमची समज.

## टप्पा 7: बाहेर निघताना

प्रोब काढल्यावर मीटर बंद करू नका. मोकळ्या हवेत पाच मिनिटं चालू द्या. आकडा 20.9 च्या दोन दशांश आत परत आला, तरच आजची मोजणी धरा. आला नाही तर गाळणी, पाण्याची बाटली आणि नळी तपासून मोजणी पुन्हा करा. बाटलीतलं पाणी ओतून टाका, रात्रभर राहिलं तर ते सेलपर्यंत जातं.

सॉकेटला प्लग लावा. हा विसरलेला प्लग म्हणजे पुढच्या वेळेची गळती.

वहीत तारीख, भुसा कोरडा की ओला, वाफेचा दाब, दोन्ही भोकांतला ऑक्सिजन, धुराचं तापमान, दोन्ही डॅम्परच्या खुणा आणि राखेचा रंग लिहा. पावसाळ्यात उघड्यावरचा भुसा भिजतो आणि भट्टी थंड पडते. हिवाळ्यात बसवलेला 7.5 तेव्हा राख काळी करेल, म्हणून आषाढात भुसा ओला यायला लागला की टप्पा 5 पुन्हा करा आणि डॅम्परची पावसाळी खूण वेगळ्या रंगाने करून ठेवा.